पुस्तक प्रकाशनात ‘पुस्तक परिचय’ करायचा आहे. वाचकांना पुस्तकात काय मिळेल ते कसे सांगावे?

मलप्रभाकाठ

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका गावाच्या वाचनालयात लवकरच एका पुस्तकाचे प्रकाशन होणार आहे आणि ‘पुस्तक परिचय’ करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी मला दहा मिनिटे दिली आहेत. पुस्तक आपल्या भागातील भातशेतीविषयी आहे. धूळवाफ पेरणी, रोपांची लागण, भांगलण, मळणी, घरी बियाणे राखण्याच्या पद्धती आणि पोह्या-चिरमुऱ्यांसाठी वापरले जाणारे भाताचे वाण, असे विषय त्यात आले आहेत. लेखक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. चौथीत ते मला शिकवायला होते, त्यामुळे मी त्यांना आजही गुरुजीच म्हणते.

आजवर मी ज्या प्रकाशनांना गेले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी पुस्तक परिचयाच्या नावाखाली लेखकाचा गौरव ऐकला. ‘सरस्वतीचे उपासक’, ‘सिद्धहस्त लेखणी’, ‘आमच्या भागाचे भूषण’ असे शब्द येतात, टाळ्या पडतात, आणि घरी जाताना पुस्तकात नेमके काय आहे हे मात्र कोणाला सांगता येत नाही. गुरुजींनी हे पुस्तक अनेक वृद्ध शेतकऱ्यांना भेटून, त्यांच्या बांधावर बसून लिहिले आहे. ते ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांना ते उघडावेसे वाटावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. लेखकाचा परिचय दुसरे एक गृहस्थ करणार आहेत. अशा परिस्थितीत माझ्या दहा मिनिटांत काय असावे, काय नसावे आणि सुरुवात कोठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवेदक चिकोडी

ताई, मी अनेक वर्षे सूत्रसंचालन करतो. लेखकाच्या परिचयाचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी जन्मगाव आणि घराणे, मग शिक्षण, नोकरीची गावे, मिळालेले पुरस्कार, आणि शेवटी एखादी समर्पक ओवी. गुरुजींच्या पहिल्या नेमणुकीचे गाव आणि निवृत्तीचे वर्ष त्यांच्या घरच्यांकडून आधी लिहून घ्या. व्यासपीठावर ऐन वेळी विचारायची वेळ आली तर गोंधळ होतो. मानपत्राचा एक नमुनाही माझ्याकडे आहे, हवा असल्यास पाठवतो.

मलप्रभाकाठ

आभारी आहे, सर. मात्र लेखकाचा परिचय माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त पुस्तक आहे आणि माझा प्रश्न तेवढ्याचाच आहे.

जुना ग्रंथपाल

ताई, काम वाटून दिलेले आहे ही तुमच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. आपल्याकडच्या समारंभात स्वागत, प्रास्ताविक, लेखकाचा परिचय, सत्कार, पुस्तक परिचय, पाहुण्यांची भाषणे, लेखकाचे मनोगत आणि अध्यक्षीय भाषण इतक्या गोष्टी असतात, आणि लेखकाविषयीचा आदर त्यांपैकी निदान पाच ठिकाणी व्यक्त होतोच. पुस्तक उघडून दाखवणारी जागा एकच असते. ती गौरवात गेली तर सबंध कार्यक्रमात पुस्तकाला जागा उरत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांतील ग्रामीण साहित्य संमेलनांत मी गेलो आहे. तिथे उद्घाटनाच्या सत्रात एखादे पुस्तक प्रकाशित होते तेव्हा परिचयाला दोन-तीन मिनिटेही मिळत नाहीत. तुम्हाला दहा मिळाली आहेत, तर ती सगळी पुस्तकाला द्या.

आता तयारीविषयी. पुस्तक एकदा सलग वाचा आणि त्या वेळी काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा आणि समासात फक्त दोन प्रकारच्या खुणा करा. जी गोष्ट तुम्हाला आधी माहीत नव्हती, तिथे एक खूण. जी वाचताना अमुक एका माणसाला ही सांगावी असे वाटले, तिथे दुसरी खूण, आणि तो माणूस कोण हेही तिथेच लिहा, म्हणजे सासरे, शाळेतली मुले, शेजारचा भात लावणारा तरुण, कोणीही. पहिल्या खुणांमधून पुस्तकात काय आहे ते निघते. दुसऱ्या खुणांमधून ते कोणासाठी आहे हे कळते. परिचय बहुतांशी याच दोहोंचा बनतो, आणि तो या खुणांमधून उभा राहिला की विशेषणांची गरज आपोआप कमी होते.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याची एक परीक्षा घ्या. वाक्यातील पुस्तकाचे नाव झाकून तिथे एखाद्या कवितासंग्रहाचे किंवा प्रवासवर्णनाचे नाव घालून बघा. वाक्य तरीही बिनचूक बसत असेल तर ते काढून टाका. ‘ओघवत्या भाषेत लिहिलेले हे पुस्तक वाचकाला खिळवून ठेवते’ हे कोणत्याही पुस्तकाला लागू पडते. ‘पहिल्या पावसानंतर उघडीप पडली तर पुन्हा पेरायचे की थांबायचे, हे वृद्ध शेतकरी कसे ठरवत, ते दुसऱ्या प्रकरणात आहे’ हे वाक्य मात्र दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला चालणार नाही.

वेळेचा हिशेब शब्दांत करावा. ध्वनिवर्धकावर, थांबत थांबत बोलताना मराठीचे मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांसाठी हजार शब्द पुरे. त्यांपैकी दीडशे ते दोनशे शब्द पुस्तकातील उताऱ्यासाठी राखून ठेवा. आपले बोलणे कितीही चांगले असले तरी लेखकाचे गद्य कसे आहे ते श्रोत्यांना त्या उताऱ्यातूनच कळते.

येळ्ळूरचा आजोबा

ग्रंथपालांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण त्यांचे सगळे म्हणणे मला पटलेले नाही. हे पुस्तक ज्याने लिहिले तो माणूस वर्षानुवर्षे शाळा सांभाळून शेतकऱ्यांच्या दारी गेला. सीमाभागात मराठीत पुस्तक काढणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला माहीत आहे. छपाईचा खर्च बहुधा लेखक स्वतःच्या पेन्शनमधून करतो. त्याच्याविषयी दोन चांगले शब्द बोलायचे नाहीत, हे मला कृतघ्नपणाचे वाटते. शिवाय ताईंचे ते गुरुजी आहेत. शिष्येने गुरूविषयी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

निपाणीकर

हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता, म्हणून लिहिते. आमच्याकडे माझ्या काकांच्या आठवणींचे पुस्तक तयार होत आहे. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये निपाणीला महामार्गावर तंबाखू उत्पादकांचे जे आंदोलन झाले, त्यात ते तरुणपणी सहभागी होते. त्या पुस्तकाचा परिचय करताना काकांविषयी बोलायचे नाही असे ठरवले तर बोलायचे तरी काय? पुस्तक म्हणजे तेच आहेत.

आणखी एक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणीच्या कवितासंग्रहाचे प्रकाशन होते. परिचय करणारे वक्ते पंचवीस मिनिटे बोलले. तिचे माहेर, तिचे सासर, नोकरी सांभाळून तिने केलेले लेखन, सगळे आले, मात्र संपूर्ण भाषणात तिची एकही कविता वाचली गेली नाही. ती नंतर मला म्हणाली की सगळ्यांनी माझे कौतुक केले, पण मी काय लिहिले आहे ते कोणी बघितले की नाही, हे मला कळलेच नाही. म्हणून आजोबांना नम्रपणे सांगावेसे वाटते की कौतुकाने लेखकाचे समाधान होतेच असे नाही.

जुना ग्रंथपाल

आजोबांचा मुद्दा टाकून देण्यासारखा नाही, आणि निपाणीकर ताईंचा प्रश्न तर फारच चांगला आहे. दोन्हींना मिळून उत्तर देतो.

लेखकाचे नाव घेऊच नये, त्याच्याविषयी एक अक्षर बोलू नये, असे माझे म्हणणे नाही. लेखकाची एखादी गोष्ट परिचयात यावी की नाही, हे एकाच कसोटीवर ठरवावे. त्या गोष्टीमुळे वाचकाला पुस्तकातील मजकूर कोठून आला आणि त्यावर कितपत विसंबावे हे कळते का? निपाणीकर ताईंचे काका आंदोलनाच्या वेळी महामार्गावर नेमके कोठे होते, त्यांनी स्वतः काय पाहिले आणि कोणत्या गोष्टी इतरांकडून ऐकून लिहिल्या, हे परिचयात यायलाच हवे, कारण आठवणींच्या पुस्तकात त्याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नसते. त्यांना पुढे कोणते पद मिळाले, कोणता सत्कार झाला, याचा पुस्तकाशी संबंध नसेल तर ते लेखक परिचयासाठी सोडावे.

गुरुजींच्या बाबतीतही तेच. ते चाळीस वर्षे आदर्श शिक्षक होते, हे सांगून भातशेतीच्या पुस्तकाविषयी काही कळत नाही. ते शाळा सुटल्यावर शेतकऱ्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच बोलीत टिपणे घेत, एकच प्रश्न दोन-तीन गावांत विचारून पाहत, हे सांगितले की श्रोत्याला पुस्तकाचे मोल कळते. आजोबा, माझ्या मते हाच गुरुजींचा खरा सन्मान आहे, कारण त्यात त्यांनी केलेले काम दिसते.

मलप्रभाकाठ

वरील सूचनांप्रमाणे पुस्तक दुसऱ्यांदा वाचून खुणा केल्या आणि एक मसुदा तयार केला. त्याची सुरुवात आणि मधला काही भाग इथे देते. कृपया मोकळेपणाने सुचवावे.

‘मे महिन्याच्या अखेरीस कोरड्या मातीत भात पेरले. पहिला पाऊस हलका झाला, दाणे रुजले, आणि मग आभाळ कोरडे पडले. आता थांबायचे की मोडून पुन्हा पेरायचे? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात पडलेला आहे. या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात पाच वृद्ध शेतकऱ्यांनी या प्रश्नाची उत्तरे दिली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एक जण चार ठिकाणी माती उकरून मोड अजून ओला आहे का ते पाहत असे. दुसरा शिवाराच्या उताराकडच्या भागापुरतेच पुन्हा पेरत असे. तिसरा बियाणे शिल्लक असेल तरच विचार करत असे. गुरुजींनी ही उत्तरे एकमेकांशेजारी ठेवली आहेत.

पाचवे प्रकरण पूर्णपणे स्त्रियांच्या सांगण्यावर आधारलेले आहे. पोह्यांना कोणते भात, चिरमुऱ्यांना कोणते, बाळंतिणीच्या पेजेला कोणते, कणगीत बियाणे भरताना राख आणि कडुनिंबाचा पाला कसा घालतात, हे त्यांनी सांगितले आहे. आपल्या जुन्या वाणांना कीड लागत नाही, हेही या प्रकरणातून समजते. आपल्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला मार्गदर्शक ठरेल असे हे पुस्तक आहे.’

शिवार

मी स्वतः भात पिकवतो, म्हणून लिहितो. सुरुवात ऐकताच मी तरी बसून राहीन, कारण तो प्रश्न माझ्या घरचा आहे. उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत हे सांगितले, तेही चांगले केले. त्यामुळे पुस्तक उपदेश करत नाही हे कळते.

दोन वाक्यांविषयी मात्र हरकत आहे. पहिले, ‘जुन्या वाणांना कीड लागत नाही’. हे पुस्तकातील विधान आहे, की पुस्तकात एका बाईंनी सांगितलेली गोष्ट आहे, की तुमचे स्वतःचे मत आहे? दोडगा असो की दुसरे कोणतेही जुने भात, त्याला कीड लागलेली मी पाहिली आहे. व्यासपीठावरून हे वाक्य गेले तर पुढच्या रांगेतील चार शेतकरी एकमेकांकडे बघतील आणि त्यांचा पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास कमी होईल. त्यात नुकसान गुरुजींचे आहे.

दुसरे, ‘प्रत्येक शेतकऱ्याला मार्गदर्शक’. मला युरिया किती टाकावा, तणनाशक केव्हा मारावे, हे या पुस्तकात मिळणार आहे का? धूळवाफ पेरणीत तण फार माजते आणि मजूर मिळत नाहीत, ही आमची आजची अडचण आहे. शिवाय खानापूरच्या कणकुंबी-जांबोटी बाजूला पाऊस फार असतो. इतक्या पावसाच्या जागी चिखलणी करून रोपांची लागण करण्याचे गणित वेगळे पडते. आमच्याकडे बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरते, तेव्हा पेरलेले सगळेच पाण्याखाली जाते. हे एक पुस्तक सगळ्यांचे मार्गदर्शक कसे होईल? ते कोणत्या गावांतील, कोणत्या प्रकारच्या जमिनीतील शेतीविषयी आहे, तेवढे सांगा. ज्याला ते हवे असेल तो घेईल.

मलप्रभाकाठ

शिवार दादा, तुमच्या सांगण्यावरून पाचवे प्रकरण पुन्हा उघडून पाहिले. पुस्तकात गुरुजींनी ते वाक्य अवतरणचिन्हांत, एका आजींच्या तोंडी दिले आहे. त्याच्या खाली त्यांनी स्वतः एवढेच लिहिले आहे की इतर दोघींना हे मान्य नव्हते. म्हणून आता मसुद्यात असे करते: ‘जुन्या वाणांना कीड लागत नाही असे एका आजींचे म्हणणे आहे, तर दोघींनी त्याला नकार दिला आहे. लेखकाने दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत.’ पुस्तकाच्या व्याप्तीविषयीही लिहीन. गुरुजींनी जी गावे घेतली ती मलप्रभेच्या खोऱ्यातील आणि प्रामुख्याने धूळवाफ पेरणीची आहेत. लागणीवर एकच लहान प्रकरण आहे.

जुना ग्रंथपाल

शिवार यांनी सांगितलेली गोष्ट परिचय करणाऱ्यांच्या हातून सहज निसटते. पुस्तकातले विधान परिचयात येताना त्याच्या मागचा सांगणारा गळून पडतो. लेखकाने ‘अमुक सांगतात’ असे लिहिलेले असते आणि व्यासपीठावर ते ‘अमुक आहे’ असे होते. म्हणून मसुदा पूर्ण झाल्यावर प्रत्येक ठाम विधानापुढे पान क्रमांक टाका आणि मूळ वाक्याशी ताडून पाहा. ज्या विषयात आपल्याला स्वतःला निवाडा करता येत नाही, तिथे ‘लेखक नोंदवतात’ किंवा ‘एक शेतकरी सांगतात’ हे शब्द तसेच राहू द्यावेत. ते रुक्ष वाटले तरी राहू द्यावेत.

पुस्तकात काय नाही, हे सांगावे का, असा प्रश्न पुढे येईलच. माझे मत असे की सांगावे, पण दोष म्हणून नव्हे, हद्द म्हणून. ‘या पुस्तकात खतांची आणि औषधांची शिफारस नाही. आज कोणते वाण लावावे हे ते सांगत नाही. आपल्या आजोबांनी काय लावले आणि का, हे ते सांगते.’ इतके स्पष्ट ऐकल्यावर जो माणूस पुस्तक विकत घेतो, तो घरी गेल्यावर निराश होत नाही. ‘हे राहून गेले’, ‘अमुक प्रकरण दुबळे आहे’, असे मात्र प्रकाशनाच्या दिवशी बोलू नये. ते समीक्षकाचे काम आहे आणि त्यासाठी नियतकालिके आहेत.

उताऱ्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ताईंनी त्याचा उल्लेख केलेला नाही. लेखकाच्या प्रस्तावनेतील उतारा घेऊ नका. प्रस्तावनेत लेखक पुस्तकाविषयी बोलत असतो, पुस्तक बोलत नसते. वर्णनाचा सर्वांत सुंदर परिच्छेदही बहुधा मंडपात चालत नाही, कारण तो डोळ्यांनी हळूहळू वाचायचा असतो. ज्यात कोणी तरी काही तरी सांगत आहे, लहान वाक्ये आहेत, नावे कमी आहेत, असा उतारा कानाला लगेच कळतो. तुमच्या पुस्तकात माती उकरून मोड पाहणाऱ्या शेतकऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत असेल तर तेच घ्या. उताऱ्याआधी एका वाक्यात सांगणारा कोण आणि प्रसंग कोणता हे सांगा. उतारा संपल्यावर त्याचा अर्थ पुन्हा समजावू नका आणि ‘किती सुंदर लिहिले आहे पाहा’ असेही म्हणू नका. थोडे थांबून पुढच्या मुद्द्यावर जा. घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहा. ज्या शब्दाला जीभ अडखळते तो शब्द पेन्सिलीने तोडून लिहून ठेवा. मोबाइलवरून वाचू नका, प्रत्यक्ष पुस्तक हातात घेऊन, पान उघडून वाचा आणि पान क्रमांक सांगा. लोक नंतर विक्रीच्या टेबलाजवळ जाऊन नेमके तेच पान उघडतात. हे मी वाचनालयात असताना कित्येकदा पाहिले आहे.

निवेदक चिकोडी

माझा आधीचा प्रतिसाद वेगळ्या प्रश्नाला होता. आता चर्चा वाचून एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. हात उंचावून प्रकाशन होण्याआधी परिचय ठेवला तर पुस्तक अजून कागदात गुंडाळलेले असते, आणि वक्ता दाखवणार काय? माझ्या मते आधी प्रकाशन, लगेच पुस्तक परिचय, आणि मग मनोगत. मध्ये सत्कार घालू नये. सत्कार सुरू झाले की शाल-श्रीफळात अर्धा तास जातो आणि मागच्या रांगा उठू लागतात.

आणखी एक. खानापूर तालुक्यातील गावात कन्नड बोलणारे शेजारी, पंचायतीतील मंडळी, कदाचित पाहुणेही असतील. त्यांचीही शेती तीच आहे. ताईंना येत असेल तर शेवटी दोन मिनिटे पुस्तकाचा आशय कन्नडमध्ये सांगावा. मी चिकोडीला तसे करतो आणि लोकांना ते आवडते.

येळ्ळूरचा आजोबा

कन्नडच्या सूचनेविषयी माझा विरोध नोंदवून ठेवतो. शेजाऱ्यांविषयी माझ्या मनात काहीही वाईट नाही. माझी निम्मी शेतकरी मित्रमंडळी कन्नड बोलणारी आहेत. पण मराठी पुस्तकाच्या प्रकाशनाला मराठीतून पूर्ण दहा मिनिटे मिळावीत, त्यात कपात होऊ नये. मराठी शाळांतील पट कमी होत असताना ही एक संध्याकाळ तरी संपूर्ण आपल्या भाषेची असावी, असे मला वाटते.

लेखकाविषयी ग्रंथपालांनी जे लिहिले, त्यातील टिपणे घेण्याची गोष्ट मला पटली. ती सांगितली तर माझी तक्रार राहणार नाही. तरीही ‘गुरुजी’ म्हणून एक वाक्य ताईंनी मनातले बोलावे, हे माझे म्हणणे कायम आहे.

शिवार

आजोबा, माझे मत वेगळे आहे. आमच्या बांधाला बांध लागून असलेला शेतकरी घरी कन्नड बोलतो, पण कुरीने पेरतो तो माझ्यासारखाच, आणि त्याच्या वडिलांनाही या पुस्तकातला पहिला प्रश्न पडलेला आहे. त्याला मराठी वाचता येते, फक्त सावकाश. त्याला दोन मिनिटे समजावून सांगितले तर तो पुस्तक घेईल. मात्र वेळ ताईंच्या दहा मिनिटांतून न घेता निवेदकाने स्वतःच्या वेळेतून द्यावा.

निपाणीकर

माझा एक प्रश्न राहिला. लिहिलेला परिचय लेखकाला आधी वाचायला द्यावा का? काकांच्या पुस्तकाच्या वेळी मी तो त्यांना दाखवणार आहे, कारण आंदोलनातील एखादा तपशील माझ्याकडून चुकीचा गेला तर ते त्यांना फार लागेल.

जुना ग्रंथपाल

मी कधीही देत नाही. लेखकाने वाचले की त्याला राहून गेलेल्या गोष्टी आठवतात. अमुक प्रकरणाचा उल्लेख हवा, तमुक व्यक्तीचे नाव हवे, आणि हजार शब्दांचे दोन हजार होतात. त्यापेक्षा ज्या तपशिलांविषयी शंका आहे तेवढेच प्रश्न लेखकाला फोनवर विचारावेत. तुमच्या काकांच्या बाबतीत मात्र तुमचे कारण मला समजते. प्रत्यक्ष घडलेल्या घटना आणि जिवंत माणसे जिथे आहेत, तिथे तारखा, नावे आणि ठिकाणे असलेली वाक्ये दाखवून घेणे योग्य ठरेल. संपूर्ण मजकूर दाखवावा की नाही याबाबत माझे मन अजूनही नाही म्हणते.

निपाणीकर

मी तरीही पूर्ण मजकूर दाखवेन. काकांनी भर घालायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणेन.

मलप्रभाकाठ

सर्वांची मी ऋणी आहे. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे. सुरुवात दुसऱ्या प्रकरणातील प्रश्नाने करणार आहे. त्यानंतर गुरुजींनी माहिती कशी जमवली ते तीन वाक्यांत सांगेन आणि आजोबांच्या सांगण्याप्रमाणे मी त्यांची विद्यार्थिनी आहे हेही त्यातच एका वाक्यात येईल. मग पाचवे प्रकरण, आणि त्यानंतर मोड पाहणाऱ्या शेतकऱ्याचा उतारा, जो मोजल्यावर एकशे साठ शब्दांचा भरला. शेवटी पुस्तक कोणत्या गावांपुरते आहे, त्यात काय नाही, आणि कोणी कोठून वाचायला सुरुवात करावी ते सांगेन. शेती करणाऱ्यांनी दुसऱ्या प्रकरणापासून, घरातील स्त्रियांनी पाचव्यापासून, आणि शाळेतील मुलांनी शेवटच्या शब्दसूचीपासून, कारण त्यातील अवजारांची नावे त्यांना आजी-आजोबांना विचारता येतील.

कन्नडमधील दोन मिनिटांचा प्रश्न वाचनालयाच्या मंडळींपुढे ठेवते. तो निर्णय माझा एकटीचा नाही. पुस्तक परिचय प्रकाशनानंतर लगेच ठेवावा आणि मध्ये सत्कार घालू नयेत, ही निवेदक सरांची सूचना त्यांना आजच कळवते, म्हणजे पत्रिका छापायला जाण्यापूर्वी क्रम बदलता येईल.

जुना ग्रंथपाल

ताई, शब्दसूचीची कल्पना उत्तम आहे. विक्रीच्या टेबलावर जो बसणार आहे त्यालाही उताऱ्याचा आणि त्या तिन्ही ठिकाणांचा पान क्रमांक कागदावर लिहून द्या. लोक येऊन ‘ते माती उकरण्याचे कुठे आहे’ असे विचारतील, आणि त्याला ते सांगता आले पाहिजे.